चारशे चौदा खाने

नीलम्मा बिराजदार सकाळी इष्टलिंगाची पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून घराबाहेर पडायची आणि गिरणीच्या भोंग्याआधी पाच मिनिटं फाटकात हजर असायची. चौदा वर्षांत एकदाच उशीर झाला, तोही सासूला दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून. त्या दिवशीसुद्धा तिनं वरच्या कारकुनाला कारण सांगितलं, पण माफी मागितली नाही. "उशीर झाला तो झाला. माफी चूक केल्यावर मागायची असते," असं ती म्हणाली होती. गिरणीत ते वाक्य बरेच दिवस फिरत राहिलं.

गिरणी चादरींची. नीलम्मा बसायची नमुना खात्यात, खिडकीजवळ. तिचं काम एका वाक्यात सांगायचं तर असं, की पाचशे मीटर चादर विणायची ठरली की कुठल्या रंगाचं सूत किती किलो रंगवायचं, ते काढून द्यायचं. त्या आकड्यावर रंगाऱ्याची कढई चढायची. आकडा कमी पडला तर सूत दुसऱ्यांदा रंगवावं लागायचं, आणि दुसऱ्या वेळचा मरून पहिल्या वेळच्या मरूनसारखा कधीच येत नाही. चादरीत पट्टा उठून दिसतो.

हे आकडे काढायची वही गुरुपादप्पा मास्तरांनी बांधली होती. मास्तर वारून सहा वर्षं झाली. वही म्हणजे एका नमुन्याला नऊ पानं. डावीकडे माहीत असलेल्या गोष्टी: ताणा, म्हणजे उभे धागे, किती मीटर, कुठल्या रंगाच्या किती तारा, सुताचा जाडीचा नंबर कोणता. मग पान उलटत उलटत गुणायचं, भागायचं, एका पानाचं उत्तर दुसऱ्या पानावर न्यायचं, आणि नवव्या पानाच्या उजव्या कडेला रंगवार वजन यायचं. आकडेमोडीचं, हँडल फिरवायचं मशीन होतं एक. नीलम्माच्या उजव्या मनगटाला त्या हँडलनं घट्टा पडला होता.

चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर मल्लिकार्जुन कलशेट्टी आला. अठ्ठावीस वर्षांचा, मुंबईहून कापडाचं शिक्षण घेतलेला, तांत्रिक अधिकारी. मूळचा अक्कलकोटचाच. त्यामुळं पहिल्याच दिवशी त्यानं नीलम्माला कानडीत विचारलं, "अक्का, एवढी नऊ पानं कशाला?"

"नऊ पायऱ्या आहेत म्हणून," नीलम्मा म्हणाली.

"दोन पानांत होईल."

"करून दाखवा की."

त्यानं खरंच करून दाखवलं. महिनाभर बसून त्यानं नवी वही बांधली. मधल्या सगळ्या पायऱ्या त्यानं एका तक्त्यात घातल्या. एक तार, एक मीटर, अमुक नंबरचं सूत, म्हणजे इतके ग्रॅम. तो आकडा उचलायचा, तारांनी आणि मीटरांनी गुणायचा, झालं. नीलम्मानं ती पानं उलटून पाहिली. अक्षर स्वच्छ, रकाने सरळ. कुणी काहीही म्हणो, वही देखणी होती, आणि तसं तिनं त्याला तोंडावर सांगितलं.

मॅनेजर शिवयोगी हत्तुरे खूश झाले. सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे जत्रा, संक्रांतीला भरतो, त्या सुट्टीनंतर नवी वही चालू करायची असं त्यांनी ठरवलं. जुन्या वहीची पानं रद्दीत जाणार होती. मात्र संचालकांना एक कागद हवा होता: दोन्ही वह्या एकच उत्तर देतात याचा दाखला, आणि त्यावर जुनी वही चालवणाऱ्याची सही. म्हणजे नीलम्माची.

आणखी एक गोष्ट होती. ती कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. दोन पानांच्या वहीला दोन माणसं लागत नाहीत. खात्यात नीलम्मा आणि तिच्या हाताखालची विजयमाला, दोघी होत्या. गड्ड्यानंतर एक खुर्ची कमी होणार हे चहावाल्यालासुद्धा ठाऊक होतं. विजयमालाचा पगार कमी, वय कमी. तेव्हा कुठली खुर्ची जाणार तेही ठाऊक होतं.

पडताळणी सुरू करायच्या आधी नीलम्मानं कलशेट्टीला बोलावलं.

"साहेब, आधी एक ठरवू. फरक किती चालेल?"

"फरक कशाला येईल, अक्का? गणित तेच आहे."

"गणित तेच असलं तरी जुनी वही पायरीपायरीला आकडा तोडते. दशांशाच्या तीन घरांच्या पुढचं सोडून देते. तुमची वही शेवटी एकदाच तोडते. मग ग्रॅम-दोन ग्रॅम इकडंतिकडं होणारच. तो फरक खोटा. पण खोटा कुठपर्यंत आणि खरा कुठून, ते आत्ताच लिहून ठेवू. उत्तरं बघितल्यावर ठरवायला बसलो तर आपण आपल्याला पाहिजे तसं ठरवू."

कलशेट्टी हसला, पण त्याला ते पटलं. दोघांनी बसून ठरवलं. वजनात हजारात एक भाग एवढा फरक चालेल. आकडाच लहान असेल, पाच किलोच्या आतला, तर पाच ग्रॅमपर्यंत चालेल. तारांच्या संख्येत मात्र फरक चालणार नाही, कारण तार मोजायची असते, ती अर्धी नसते. नीलम्मानं हे नव्या फुलस्केप वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, तारीख घातली, आणि खाली दोघांनी सह्या केल्या.

मग तिनं खाने जुळवले. जुन्या वहीत रंग ताण्याच्या क्रमानं होते, उजव्या काठापासून. नव्या वहीत फिक्यापासून गडदाकडं. जुन्यातला तिसरा खाना नव्यात सातवा. म्हणून तिनं आधी यादीच केली, की जुन्यातलं हे उत्तर नव्यात कुठं बसतं. तेवीस नमुने, पाचशे मीटरचा ताणा, आणि उत्तराचे एकूण खाने भरले चारशे चौदा.

विजयमाला ती यादी बघून म्हणाली, "नीलक्का, हे सगळं एकेक बघायचं?"

"हो."

"नुसत्या बेरजा बघितल्या तर?"

"तांदूळ निवडताना नुसतं सूप जड आहे का बघतेस?"

विजयमालानं यादी पुढं ओढली.

नव्या वहीचे आकडे विजयमालानं काढायचे, जुन्या वहीचे नीलम्मानं, आणि एकमेकींचे कागद बघायचे नाहीत, असा नियम झाला. चार दिवसांनी दोघी समोरासमोर बसल्या. नीलम्मा जुना आकडा वाचायची, विजयमाला नव्या वहीत बघून म्हणायची, "बरोबर." बरोबर, बरोबर, बरोबर. खिडकीतून डिसेंबरचं ऊन आत आलेलं, मागं मागांचा खटखटाट, आणि ते बरोबर-बरोबर एका सुरात चाललेलं. पंचविसाव्या खान्याला नीलम्मानं मुद्दाम चुकीचा आकडा वाचला. बावीस किलोच्या जागी बत्तीस.

"बरोबर," विजयमाला म्हणाली.

नीलम्मानं पेन खाली ठेवलं. "काय बरोबर?"

विजयमालानं कागद बघितला. तिचा चेहरा उतरला. "अक्का, कान ऐकत होता. डोळा बघत नव्हता."

"तुझी चूक नाही. ही पद्धतच चूक. आता तोंडानं काही नाही." नीलम्मानं कागदाला तीन रकाने आखले. जुना, नवा, आणि दोघांतला फरक. फरक वजा करून हातानं लिहायचा. शून्य आला तरी शून्य लिहायचा. त्याच्या पुढं चालतो की चालत नाही ते लिहायचं. आधीचे पंचवीस खानेही पुन्हा घ्यायचे. शिवाय रोज एखादा आकडा दोघींपैकी कुणीतरी मुद्दाम बिघडवून ठेवायचा आणि दुसरीनं तो पकडायचा. सापडला की दुरुस्त करायचा आणि कडेला तसं लिहायचं. विजयमालाला तो खेळच झाला. दोनच दिवसांत तिनं नीलम्माचा एक आकडा पकडला, पण तो नीलम्मानं मुद्दाम बिघडवलेला नव्हताच. हँडलचा एक फेरा चुकला होता. नीलम्मानं तो तांबड्या शाईनं खोडला आणि कडेला लिहिलं: चूक माझी, वहीची नाही.

इथपर्यंत सगळं गुण्यागोविंदानं चाललं. टॉवेलांचे आणि साध्या चादरींचे चौदा नमुने संपले. फरक कुठं एक ग्रॅम, कुठं दोन, कुठं शून्य, कधी वर, कधी खाली. नीलम्माला मनातून बरं वाटलं. पोरगा हुशार आहे, असं तिनं घरी बसव्वाला, म्हणजे सासूला, सांगितलंही. बसव्वा ज्वारीचं पीठ मळत होती. ती म्हणाली, "तुझी खुर्ची काढून घेणारा हुशार. चांगलं आहे."

"खुर्ची गिरणीची आहे, अव्वा."

"आणि पोट?"

नीलम्मानं चुलीवर तवा ठेवला.

मग आले दुहेरी विणीचे नऊ नमुने. ही गिरणीची नावाजलेली चादर. तिला दोन ताणे लागतात, दोन वेगळ्या बीमांवर, म्हणजे रुळांवर, गुंडाळलेले, एक वरचा, एक खालचा. दोन्हींत तारा सारख्याच. चौदा नंबरच्या नमुन्यात वर मरूनच्या बाराशे तारा, खाली पांढऱ्याच्या बाराशे. विजयमालानं तिसऱ्या रकान्यात फरक लिहिला आणि थांबली.

मरून: जुनी वही सदतीस किलो पाचशे अठ्ठावन्न ग्रॅम, नवी अडतीस किलो एकोणनव्वद. फरक पाचशे एकतीस ग्रॅम. चालणार होता अडतीस ग्रॅमच्या आत.

पांढरा: जुनी अडतीस किलो सहाशे एकवीस, नवी अडतीस किलो एकोणनव्वद. फरक पाचशे बत्तीस, पण उलटा.

नीलम्मानं आधी स्वतःचा आकडा पुन्हा काढला. मग विजयमालाचा. दोन्ही ठीक. मग पुढचा नमुना, त्याच्या पुढचा. नऊच्या नऊ नमुन्यांत वरच्या ताण्याचे सगळे खाने शंभरात जवळजवळ दीड भाग जास्त, खालच्या ताण्याचे सगळे तेवढेच कमी. एकही इकडंतिकडं नाही. आकडा तोडल्यानं येणारा फरक असा शिस्तीत रांग लावून येत नाही. चारशे चौदापैकी तीनशे बेचाळीस जुळले, बहात्तर फसले.

कलशेट्टीला सांगितलं तेव्हा तो स्वतः वही घेऊन बसला. अर्ध्या तासानं हसतच आला.

"अक्का, तुम्ही घाबरवलंत. बेरजा बघा. चौदा नंबर: जुनी शहात्तर किलो एकशे एकोणऐंशी, नवी शहात्तर किलो एकशे अठ्ठ्याहत्तर. एक ग्रॅमचा फरक. तेवीसच्या तेवीस बेरजा जुळतात."

"जुळणारच. एकीकडचं काढून दुसरीकडं घातलंय. रंगारी बेरीज रंगवत नाही, साहेब. मरून वेगळा रंगवतो, पांढरा वेगळा धुतो."

"दीड टक्का म्हणजे काही नाही."

"हजारात एक म्हणजे काय ते आपण लिहिलंय."

"मग दुहेरी विणीला शंभरात दोन करू. कापडाच्या धंद्यात दोन टक्के कोण बघतं?"

"ते पहिल्या दिवशी म्हणाला असतात तर मी भांडले असते, पण ऐकलं असतं. आता उत्तर बघून माप लांब करता. ते मी करणार नाही."

कलशेट्टीचा चेहरा तांबडा झाला. त्याला वाईट वाटलं असावं, कारण महिनाभराचं काम त्याचं होतं. तो जे बोलला ते त्यानं बोलायला नको होतं. "अक्का, खरं सांगा. वही जुळत नाही म्हणून, की खुर्ची जाते म्हणून?"

विजयमालाचं हँडल फिरायचं थांबलं.

"खुर्ची जाते ते मला महिनाभर ठाऊक आहे," नीलम्मा म्हणाली. "ठाऊक असूनही तुमचे तीनशे बेचाळीस खाने मी जुळले म्हणून लिहिले. खुर्ची वाचवायची असती तर ते बिघडवणं सोपं होतं. माझ्याच हातात तर होतं."

दुसऱ्या दिवशी हत्तुऱ्यांच्या खोलीत बोलावणं आलं. टेबलावर दाखल्याचा कागद टाइप करून तयार होता. सही करायच्या जागी फुली मारलेली.

हत्तुरे वाईट माणूस नव्हते. पण गड्डा चार दिवसांवर आला होता आणि संचालकांना ते शब्द देऊन बसले होते. "नीलम्माबाई, वही चांगली आहे असं तुम्हीच म्हणता."

"चांगली आहे."

"मग करा सही."

"कागदावर काय लिहिलंय, साहेब? दोन्ही वह्या एकच उत्तर देतात. बहात्तर ठिकाणी देत नाहीत. चांगली आहे असा दाखला टाइप करा, त्यावर आत्ता सही करते."

"कदाचित जुनीच चूक असेल," कलशेट्टी मध्येच म्हणाला. "मास्तर देव नव्हते."

"नव्हते. असेल जुनी चूक. तसं निघालं तर जुनी चूक असं लिहू. पण कुठली बरोबर हा पुढचा प्रश्न. आत्ताचा प्रश्न सारख्या आहेत का, आणि त्याचं उत्तर नाही."

हत्तुऱ्यांनी चष्मा काढला. "तुम्ही सही केली नाहीत तर विजयमालाबाईंची घेऊ. त्यांनीही वही चालवली आहे."

"घ्या की. बोलवा तिला."

विजयमाला आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. तिच्या घरी तीन भावंडं होती आणि ही नोकरी होती. हत्तुऱ्यांनी कागद पुढं सरकवला. तिनं तो वाचला, सगळा वाचला, आणि म्हणाली, "साहेब, तिसरा रकाना माझ्या हातचा आहे. चालत नाही असं बहात्तर वेळा मीच लिहिलंय. आता खाली चालतं असं कसं लिहू?"

मग नीलम्मा कलशेट्टीला म्हणाली, "साहेब, एक विचारते. नव्या वहीत ताणा किती आकसतो असं धरलंय?"

विणताना ताण्याचा धागा आडव्या बाण्याच्या वरून-खालून वळतो, म्हणून मीटरभर कापडाला मीटरापेक्षा जास्त धागा लागतो. ते आकसणं मोजल्याशिवाय सुताचं वजन निघत नाही.

"साडेसात टक्के," कलशेट्टी म्हणाला. "तक्त्यात दिलंय."

"दोन्ही ताण्यांना?"

"दोन्ही. मी मागावर जाऊन विचारून आलोय. कुंडलिकमामांना विचारलंय."

"मास्तरांच्या वहीत पान चारच्या समासात पेन्सिलनं दोन आकडे आहेत. वरचा सहा, खालचा नऊ. मी चौदा वर्षं ते उचलते, पण का ते कधी विचारलं नाही. ती चूक माझी. बोलवा मामांना."

कुंडलिक ताणा खात्यातला जुना माणूस, सांगोल्याकडचा. डोक्याला टापशी, कानात कापसाच्या धुळीचे पुंजके. तो आला आणि दारातच उभा राहिला.

"मामा, साहेबांना ताणा किती आकसतो म्हणून सांगितलंत?" नीलम्मानं विचारलं.

"साडेसात. आमी समदीच साडेसात म्हणतो की."

"वरचा का खालचा?"

कुंडलिकनं तिच्याकडं बघितलं, मग साहेबाकडं. "आता बाई, साडेसात म्हंजी दोन्हीचं मिळून. वरचा कमी आकसतो, खालचा लई. खालच्याला वीण घट्ट हाय. मागावर कोन दोन आकडं बोलत बसतंय? साडेसात म्हनायचं नि मोकळं व्हायचं. साह्यबांनी दोन विचारलं असतं तर दोन सांगितलं असतं."

"दोन आहेत हे मला कळायला नको का?" कलशेट्टी म्हणाला.

"तुमी शिकलेलं. मला वाटलं म्हायती असंल."

"मामा, आत्ता मोजून दाखवाल?" नीलम्मानं विचारलं.

"व्हय. एक चादर द्या. फाडायची मात्र."

हत्तुऱ्यांनी नाखुशीनं गोदामातून चौदा नंबरची चादर मागवली. कुंडलिकनं ती त्यांच्याच टेबलावर पसरली, दाखल्याच्या कागदावरूनच. पट्टी लावून बरोबर एक मीटरवर दोन खुणा केल्या, दोन्ही खुणांवर कात्री चालवली, आणि नखानं एक मरून धागा मोकळा करून ओढून काढला. धागा नागमोडी होता. त्यानं तो पट्टीवर धरून वळण जाईल इतकाच सरळ केला, ताणला नाही. एकशे सहा सेंटीमीटर. मग पांढरा काढला. एकशे नऊ.

"एकानं काय होतं," कलशेट्टी म्हणाला. पण आता त्याचा आवाज भांडायचा नव्हता. तो स्वतःच टेबलावर वाकला होता. "दहा-दहा काढा."

दहा मरून, दहा पांढरे निघाले. विजयमालानं लिहून घेतले. मरूनची सरासरी सहाच्या जवळ, पांढऱ्याची नऊच्या जवळ. टेबलावर धाग्यांचा ढीग झाला. हत्तुरे त्याच्याकडं बघत बसले.

"म्हणजे नव्या वहीनं काय झालं असतं?" त्यांनी विचारलं.

कलशेट्टीनंच उत्तर दिलं, आणि त्याबद्दल नीलम्मानं पुढं कायम त्याचा मान ठेवला. "पाचशे मीटरच्या कापडाला पांढरं सूत सात मीटर आधी संपलं असतं. तीन चादरी कमी. वरच्या बीमवर पंधरा मीटर मरून तसंच उरलं असतं. आणि आकडा वहीचा, म्हणून ठपका रंगाऱ्यावर आला असता."

"माज्यावर आला असता," कुंडलिक म्हणाला. "बीम माझं."

दुपारी कलशेट्टी नमुना खात्यात आला. खुर्ची ओढून नीलम्मासमोर बसला आणि त्यानं वही उघडली. "अक्का, तक्त्यात आकसण्याचे दोन रकाने करतो. काल खुर्चीचं जे बोललो..."

"बोललात. मीही बोलले. रकाने करा."

संध्याकाळपर्यंत त्यानं दुरुस्ती केली. "आता ते बहात्तर खाने तेवढे बघून घ्या."

"चारशे चौदा बघणार."

"अक्का, बाकीच्यांना मी हातही लावला नाही."

"तुम्हाला तसं वाटतं. साडेसातच्या वेळीही तुम्हाला वाटतच होतं. तक्ता हलला म्हणजे सगळं पुन्हा. आणि या वेळी नुसते पाचशे मीटर नाही. दहा मीटरचा नमुनाही घेऊ आणि दोन हजारांचा ताणाही. लहान आकड्याला नि मोठ्या आकड्याला वही कशी वागते ते बघू."

"गड्डा चार दिवसांवर आलाय."

"सिद्धरामेश्वर आठशे वर्षं तिथं आहे. तो कुठं जात नाही."

विजयमाला हसली, आणि नाइलाजानं कलशेट्टीही हसला. मग तो स्वतः नव्या वहीचे आकडे काढायला बसला. तीन ठिकाणी वादही झाला. नमुन्यात नसलेल्या रंगापुढं जुन्या वहीत रेघ होती आणि नव्यात शून्य. हे सारखं धरायचं की वेगळं? नीलम्मानं थोडा विचार केला आणि सारखं धरलं, पण तसं स्वतंत्र ओळीत लिहून ठेवलं. दहा मीटरच्या नमुन्यात एक खाना हजारात चार भागांनी फसला, तेव्हा विजयमालानं मान वर केली. पण आकडा होता पाऊण किलो आणि फरक तीन ग्रॅम, पाचाच्या आत. पहिल्या पानावर लिहिलेलं होतंच. चालतो.

गड्डा भरला. योगदंडाचं लग्न लागलं, नंदीध्वज मिरवले, शोभेची दारू उडाली. नीलम्मा दर्शनाला गेली, रांगेत उभी राहिली, देवाला तिनं काही मागितलं नाही. मागितलंच असलं तर ते तिलाच ठाऊक. नवी वही गड्ड्यानंतर सहा दिवस उशिरा चालू झाली. त्या सहा दिवसांबद्दल हत्तुऱ्यांना संचालकांपुढं उभं राहून ऐकून घ्यावं लागलं असं म्हणतात.

तिन्ही लांबीचे सगळे खाने जुळले तेव्हा नीलम्मानं टाइप केलेला दाखला परत दिला आणि स्वतःच्या अक्षरात दुसरा लिहिला. काय घातलं, काय काढलं, फरक किती चालवला आणि तो कुठल्या तारखेला ठरला, पहिल्या फेरीत किती फसले, का फसले, काय दुरुस्त झालं. आकसण्याचे आकडे पेन्सिलीऐवजी शाईनं. जुनी वही एक वर्ष कुलपात राहील, रद्दीत जाणार नाही, अशीही एक ओळ. हत्तुरे म्हणाले, "ही ओळ दाखल्यात कशाला?"

"ती खोडली तर माझी सहीही खोडा."

ओळ राहिली. खाली तिनं पूर्ण नाव लिहिलं: नीलम्मा चन्नबसप्पा बिराजदार. त्याखाली विजयमालाची सही घेतली, आणि कुंडलिकचा अंगठा. कारण एकशे सहा आणि एकशे नऊ हे आकडे त्याच्या पट्टीवरचे होते.

खुर्ची गेली. नव्या वहीला खरंच एकच माणूस पुरायचं, आणि ते माणूस म्हणजे विजयमाला. हत्तुऱ्यांनी नीलम्माला बोलावून घडी खात्यात जागा आहे असं सांगितलं. पगार तोच, काम चादरींच्या घड्या मोजायचं.

"घडी खात्यात नको," नीलम्मा म्हणाली. "ताणा खात्यात द्या."

"तिथं बाईमाणूस कुणी नाही."

"म्हणून तर नऊ नमुन्यांच्या दोन आकड्यांना सगळे साडेसात म्हणतात. बाकीच्या नमुन्यांचं काय काय म्हणत असतील कोण जाणे. बसून मोजते."

हत्तुऱ्यांनी कलशेट्टीकडं बघितलं. कलशेट्टी खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मला तिथं माणूस लागणारच आहे, साहेब."

सोमवारी भोंग्याआधी पाच मिनिटं नीलम्मा ताणा खात्याच्या दारात उभी होती. काखेत बसायची गादी, हातात मीटरची पट्टी आणि एक कोरी फुलस्केप वही. कुंडलिकनं एक रिकामी पेटी उलटी करून दिली.

"बाई, हितं लई धूळ हाय."

"असू दे," ती म्हणाली, पेटीवर गादी टाकून बसली आणि पहिल्या पानाला तीन रकाने आखायला लागली.